साहेब, बरं नाहीये

भोसरीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. या पंचवीस वर्षांत मी किती नट-बोल्ट मोजले याचा हिशेब रजिस्टरात आहे. पण आजारी पडल्यावर साहेबांना काय सांगायचं, किती सांगायचं आणि कुठे थांबायचं, याचा हिशेब मात्र बरीच वर्षं जमत नव्हता. कधी जास्त सांगून फजिती झाली, कधी कमी सांगून. त्यातलं जेवढं आठवतंय, तेवढं लिहून ठेवतोय.

१. मी सगळं सविस्तर सांगायचो ते प्रामाणिक होतो म्हणून नव्हे, तर घाबरट होतो म्हणून.

हे कळायला एक गॅस्ट्रो लागला. एका लग्नाचं जेवण अंगाशी आलं होतं. पहाटे पावणेसहाला बाथरूमच्या दाराला टेकून मी साहेबांना मेसेज लिहायला घेतला. रात्री एकपासून किती वेळा जावं लागलं तो आकडा (अकरा), उलट्या वेगळ्या, त्यांचा रंग, लग्नात रबडी खाल्ली होती ही कबुली, इलेक्ट्रॉल चालू आहे हा खुलासा आणि शेवटी ‘तरी यायचा प्रयत्न करतो’ हे सपशेल खोटं वाक्य. मेसेज स्क्रीनभर झाला. बायको मागून वाचत होती. म्हणाली, “अहो, रजा मागताय की पंचनामा लिहिताय?” तरी मी पाठवलाच.

साहेबांचं उत्तर साडेसहाला आलं. ‘ठीक. काळजी घ्या. डिस्पॅचच्या चाव्या कुठे आहेत?’

एवढ्या मोठ्या मेसेजमध्ये चाव्यांचा उल्लेख नव्हता. त्या माणसाला सकाळी आठला गाडी भरायची होती आणि मी त्याला रबडीचा तपशील देत बसलो होतो. नंतर विचार केल्यावर लक्षात आलं, की तो अकराचा आकडा साहेबांसाठी नव्हताच. माझ्याच मनातल्या एका न्यायाधीशासाठी होता. त्याला पटवायचं होतं, की मी लबाड नाही, खरंच आडवा झालोय. तो न्यायाधीश कोणी नेमला, कोण जाणे. बहुतेक चौथीतले मास्तर असावेत. पोट दुखतं म्हटल्यावर ते पोटात दोन बोटं खुपसून, “कुठे दुखतं, दाखव,” असं विचारायचे.

२. मोघम शब्दही जपून वापरावा लागतो, तो लवकर झिजतो.

गॅस्ट्रोच्या फजितीनंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो. ‘व्हायरल आहे’ एवढंच. या शब्दासारखा सोयीचा शब्द नाही. त्यात ताप बसतो, सर्दी बसते, अर्धशिशी बसते आणि मेव्हण्याच्या जमिनीच्या कामासाठी सातारला जाणंही बसतं. एका वर्षात मी तो चार वेळा वापरला. पाचव्या वेळी मला खरोखर डेंगी झाला. अंग असं ठेचल्यासारखं दुखत होतं, की फोन धरवत नव्हता. मी लिहिलं, ‘ताप आहे, डेंगी निघालाय.’ तासाभरात एचआरमधून फोन, “रिपोर्ट पाठवता का?” आमच्याकडे दोन दिवसांपेक्षा जास्त आजारपणाची रजा झाली तर डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, रिपोर्ट नव्हे. मला भयंकर राग आला. प्लेटलेट्स किती आहेत ते ओरडून सांगावंसं वाटलं. पण एचआरच्या जागी मी असतो, तर मीही रिपोर्ट मागितला असता.

३. कधीकधी आजाराचं नाव सांगणं ही आपली मर्जी उरत नाही.

हे सांगताना अजून कानकोंडं होतं. चौतिसाव्या वर्षी मला कांजिण्या आल्या. लहानपणी राहून गेल्या होत्या, त्या व्याजासकट वसूल झाल्या. या वयात कांजिण्या म्हणजे लोकांना गंमत वाटणार, कोणीतरी ‘आता गोवरही येऊ दे’ म्हणणार, म्हणून मी साहेबांना ‘ताप आणि अंगदुखी’ एवढंच कळवलं आणि दहा दिवस घरात दडून बसलो. चेहऱ्यावर खपल्या धरल्या, त्याही सुकून पडल्या, तेव्हा ऑफिसात गेलो.

माझ्यापासून तीन खुर्च्या पलीकडे अकाउंट्समध्ये बसणाऱ्या बाईंना तेव्हा चौथा महिना होता. आणि कांजिण्यांची खोड अशी, की पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच त्या दुसऱ्याला लागू शकतात, सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत. पुरळ उठायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या टेबलावर वाकून अर्धा तास बिलं जुळवत उभा होतो. ज्या बाईला पूर्वी कांजिण्या झालेल्या नाहीत, तिला गरोदरपणात त्या झाल्या तर आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो. संपर्क आला हे वेळेवर कळलं तर डॉक्टरांना काही करता येतं, पण ती वेळ थोड्याच दिवसांची असते. ते सगळे दिवस मी माझ्या लाजेपायी घरात बसून घालवले होते.

त्यांना लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या होत्या, म्हणून निभावलं. माझ्या गालावरचे व्रण पाहून त्यांनीच विचारलं आणि मग हे सगळं बाहेर आलं. त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “एक फोन केला असता, तर बरं झालं असतं.” तेव्हापासून माझा नियम असा, की आजार लागट असेल तर त्याचं नाव पहिल्याच ओळीत. डोळे आले तर ‘डोळे आलेत’. बाकी तपशील राहिला तरी चालेल.

४. खोटं लिहिणं आणि कमी लिहिणं यात बरंच अंतर आहे. हे मला एका डॉक्टरांनी शिकवलं.

आता मुख्य प्रकरण. २०१६ साली मला भगंदर झालं. हा शब्द लिहितानासुद्धा मी इकडेतिकडे बघतोय. आधी त्या अवघड जागेजवळ एक गळू झालं, ते फुटलं, बरं वाटलं, मग पुन्हा भरलं, पुन्हा फुटलं. असं तीनदा झाल्यावर डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एमआरआय करायला लावला आणि सांगितलं, की आतून बाहेरपर्यंत एक बारीक वाट तयार झाली आहे, ती औषधाने बुजणार नाही. आयुर्वेदातली क्षारसूत्राची पद्धत मी निवडली. निवडुंगाच्या जातीतल्या स्नुहीचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे थरावर थर चढवलेला दोरा त्या वाटेतून ओवून बाहेर गाठ मारतात. तो दोरा रोज थोडीथोडी वाट कापत जातो आणि मागून जखम भरत येते. दर आठवड्याला जुन्या दोऱ्याच्या टोकाला नवा बांधून आत ओढून घ्यायचा. त्या क्षणाचं वर्णन करत नाही. गॅस्ट्रोपासून मी एवढं तरी शिकलोय.

अडचण अशी, की ही एका रजेत संपणारी गोष्ट नव्हती. सुरुवातीला आठवडाभर सुट्टी, मग दर गुरुवारी दुपारी दवाखाना, किती गुरुवार ते अजून ठरलेलं नाही. आणि मधल्या काळात मोटारसायकल बंद, म्हणजे कामासाठी चाकणला जाणंही बंद. भोसरी ते चाकण हा रस्ता धडधाकट माणसाचीही परीक्षा पाहतो. मी घाबरून डॉक्टरांना म्हटलं, “सर्टिफिकेटवर हाताचं फ्रॅक्चर लिहाल का? नाहीतर व्हायरल?”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “खोटं लिहिणार नाही,” ते म्हणाले, “कमी लिहायला सांगा, ते लिहीन.” मग समजावलं, की खोटं सर्टिफिकेट दिलं तर नोंदणी जाण्यापर्यंत वेळ येऊ शकते. शिवाय फ्रॅक्चरला प्लास्टर लागतं, ते मी कुठून आणणार होतो? त्यांनी लिहिलं ते असं: छोट्या शस्त्रक्रियेनंतर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत विश्रांती आवश्यक, पुढे दर आठवड्याला ड्रेसिंग, दुचाकी प्रवास आणि जड उचलणं टाळावं. खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. आजाराचं नाव नाही आणि एक अक्षर खोटं नाही. “हे चाललं नाही तर सांगा,” ते म्हणाले, “पण बहुतेक चालेल. त्यांना तारखा हव्या असतात.”

त्या कागदावरून मी साहेबांना मेसेज लिहिला. लिहायला दोन दिवस लागले, पण आयुष्यात पहिल्यांदा एका बोटाच्या लांबीत बसला:

‘सर, सोमवारी माझी छोटी शस्त्रक्रिया आहे. सोमवार ते शनिवार रजा लागेल. त्यानंतर काही आठवडे दर गुरुवारी दुपारी दोननंतर ड्रेसिंगला जावं लागेल, किती ते नंतर कळवतो. या काळात गाडीवरून चाकणला जाता येणार नाही, तेवढं दुसऱ्या कोणाला सांगावं. चाव्या आणि महिनाअखेरच्या मोजणीच्या याद्या शनिवारी असिस्टंटकडे देतो. सर्टिफिकेट जोडलं आहे.’

साहेबांचं उत्तर: ‘ठीक आहे. गंभीर नाही ना?’ मी लिहिलं, ‘नाही.’ ते म्हणाले, ‘मग झालं.’

एकूण नऊ-दहा गुरुवार लागतील असं मी त्यांना पुढे कळवलं, तो आकडा हवेतून काढला नव्हता. पहिला दोरा वाटेत होता साडेसहा सेंटिमीटर. काढलेला दोरा डॉक्टर दर गुरुवारी पट्टीवर ठेवून मोजत. पहिल्या आठवड्यानंतर तो पाच पूर्णांक आठ भरला, म्हणजे आठवड्याला साधारण सात मिलिमीटर. स्टोअरच्या माणसाला यापुढे काय सांगायचं? मी तिथेच टेबलावर आडवा असताना उरलेल्या गुरुवारांचा भागाकार केला. पाचव्या गुरुवारी दोरा तीन सेंटिमीटरवर आला, तेव्हा साहेबांना कळवलं, की अजून चार गुरुवार, आधी वाटलं होतं त्यापेक्षा एखादा कमीच. ते चक्क खूश झाले. माझा आजार काय आहे हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, पण तो कधी संपणार ते मात्र जवळजवळ माझ्याइतकंच अचूक माहीत होतं.

५. आजार सांगायचा नसेल, तर कागदाला आणि उशीलाही सांगून ठेवावं.

शेवटपर्यंत कळलं नाही असं वर लिहिलंय ते साहेबांबद्दल. बाकी ऑफिसबद्दल नव्हे. माझ्याकडून दोन चुका झाल्या. एक म्हणजे मेडिक्लेमच्या कागदांचा गठ्ठा मी लिफाफ्यात न घालता, उघड्या फाइलीत घालून एचआरच्या टेबलावर ठेवला. त्यात सगळ्यात वर डिस्चार्ज कार्ड होतं आणि त्यावर निदान ठळक अक्षरांत. विम्याला ते लागतंच, तिथे कमी लिहून भागत नाही. पण साहेबांना द्यायचं सर्टिफिकेट वेगळं आणि विम्याला द्यायचा गठ्ठा वेगळा, तो बंद लिफाफ्यात, वर दावा क्रमांक लिहून, ही अक्कल मला नंतर आली.

दुसरी चूक म्हणजे मधे भोक असलेली उशी. ती खुर्चीवर ठेवल्यावर कुठल्याही डिस्चार्ज कार्डाची गरज राहिली नाही.

मग उपाय सुरू झाले. भगंदर आणि मूळव्याध यांत फरक आहे हे ऑफिसला मान्य नव्हतं. एकाने सुरण आणून दिला. दुसऱ्याने ताकात काय घालायचं ते सांगितलं. कँटीनवाल्याने माझ्या भाजीतलं तिखट न विचारता कमी केलं, ते खरंतर बरं झालं. पॅकिंगमधल्या एकाने दरवाजाशी गाठून दबक्या आवाजात विचारलं, “दादा, खूप दुखतं का हो? मलापण आहे. दोन वर्षं झाली.” त्याने घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. पुढच्या गुरुवारी त्याला बरोबर घेऊन गेलो. म्हणजे त्या उशीचा एक उपयोग झाला. उरलेल्या चाळीस जणांना कळायला नको होतं, हे मात्र मी अजूनही म्हणतो.

६. शरम भाषेत असते, आजारात नसते.

हा मुद्दा लहान आहे. जुलाब म्हणवत नाही, ‘लूज मोशन’ सहज म्हणता येतं. मूळव्याध म्हणताना आवाज खाली जातो, ‘पाइल्स’ म्हणताना जात नाही. बायका ‘पिशवीचं ऑपरेशन’ म्हणतात, तर कोणती पिशवी असं आजवर कोणी विचारलेलं नाही. इंग्रजी शब्द म्हणजे आपण आजारावर टाकलेलं पंच्यासारखं काहीतरी. मी त्याला नावं ठेवत नाही. भगंदराला ‘फिस्टुला’ म्हणतात हे आधी कळलं असतं, तर मीही तेच म्हणून मोकळा झालो असतो. अर्ध्यांना कळलं नसतं आणि उरलेल्यांनी गुगल केलं असतं.

७. खुर्ची बदलली, की आपल्यालाही तपशील हवासा वाटतो.

साहेब निवृत्त झाले आणि २०१८मध्ये विभाग माझ्याकडे आला. पुढच्याच वर्षी आमच्याकडच्या एका मुलीचा मेसेज आला, ‘सर, पर्सनल कारणासाठी आठ दिवस रजा हवी आहे.’ महिनाअखेर होती. मी फोन केला. “पर्सनल म्हणजे नक्की काय? लग्न ठरलं का?” वर हसलोही. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, “बरं नाहीये सर.” मी तरी थांबावं ना! “बरं नाही म्हणजे? ताप आहे? कोणाला दाखवलं?” एकेक प्रश्न अगदी चौथीतल्या मास्तरांसारखा. शेवटी तिने सांगितलं, की तिसऱ्या महिन्यात गर्भपात झाला. तिचा आवाज अगदी सपाट होता.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ रॅककडे बघत बसलो. मला खरं काय हवं होतं? आठ दिवस तिच्या टेबलाचं काम कोणाकडे द्यायचं, एवढंच. ते मी विचारलंच नव्हतं.

पण या प्रकरणाची दुसरीही बाजू आहे आणि त्यामुळे माझं मत सरळ राहिलेलं नाही. त्या वेळच्या मातृत्व लाभ कायद्यात, म्हणजे १९६१च्या, गर्भपातानंतर सहा आठवड्यांची भरपगारी रजा होती, डॉक्टरांचा दाखला दिला की मिळणारी. तिला ते माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, एचआरमधल्या बाईंनी सांगितलं. ‘पर्सनल’ म्हणून ती आपल्या साठलेल्या रजेतले आठ दिवस खर्च करणार होती आणि नवव्या दिवशी कामावर येऊन उभी राहणार होती. म्हणजे तपशील सांगितल्याने तिला तिच्या हक्काचे दिवस मिळाले. फक्त तो तपशील माझ्यापर्यंत यायची काही गरज नव्हती. तो एचआरच्या बाईंपर्यंत जायला हवा होता आणि त्यांनी मला तारखा कळवायच्या होत्या.

ती कामावर परत आली तेव्हा मी माफी मागितली. ती म्हणाली, “असू दे सर.” असू दे म्हणजे काय, ते आपण सगळेच जाणतो.

तेव्हापासून कोणीही ‘बरं नाही’ म्हटलं, की मी दोनच गोष्टी विचारतो: अंदाजे किती दिवस, आणि काम कोणाकडे आहे. लागट काही असेल तर सांग, एवढं जोडतो. बाकी जीभ चावून धरतो. दिवस जास्त लागणार असतील तर सांगतो, “एचआरमध्ये एकदा बोलून घे, तुझी कुठली वेगळी रजा असेल तर त्या सांगतील. मला सांगायची गरज नाही.” हे वाक्य म्हणताना पहिल्या काही वेळा मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. उत्सुकता ही काही वाईट गोष्ट नाही, पण ती काळजीचं सोंग फार छान घेते.

८. शेवटचा मुद्दा गेल्या महिन्यातला.

स्टोअरमध्ये एक नवा पोरगा लागलाय, बावीस वर्षांचा, कामाला चोख. सकाळी सहाला त्याचा मेसेज आला. आधी एक फोटो: सलाइन लावलेला हात, सुईवर चिकटपट्टी, मागे हॉस्पिटलची हिरवी चादर. मग दुसरा: थर्मामीटर, एकशे दोन पूर्णांक चार. मग मजकूर, स्क्रीनभर. रात्री किती वाजता थंडी भरली, कुठला मित्र घेऊन गेला, डॉक्टर काय म्हणाले, रक्त कधी घेतलं, रिपोर्ट कधी येणार. शेवटी, ‘सर तरी दुपारपर्यंत यायचा प्रयत्न करतो.’

मी ते सगळं वाचलं. तो हात बघून पोटात कालवलं. त्याला लिहावं म्हटलं, की बाळा, फोटोची गरज नव्हती, माझा विश्वास आहे, मीही एकदा अकरा हा आकडा लिहिला होता. टाइप करायलाही घेतलं. तेवढ्यात आठची गाडी आठवली. मेसेज पाठवून दिल्यावर माझं मलाच हसू आलं. त्यात लिहिलं होतं: ‘ठीक. काळजी घे. येऊ नकोस. डिस्पॅचच्या चाव्या कुठे आहेत?’